सात जण, नाशिक ते कोल्हापूर: एक मोठी गाडी की दोन लहान?

अंबाबाईच्या दर्शनाला सात जण निघाले की घरात दोन गट पडतात. एकाचं म्हणणं असतं, काकांची डिझेल सेव्हन-सीटर घेऊ, सगळे एकत्र जाऊ. दुसरा म्हणतो, ती डिझेल पिते, त्यापेक्षा आपल्या दोन लहान गाड्या अ‍ॅव्हरेज चांगलं देतात. हिशेब मांडला की दुसऱ्याचं म्हणणं टिकत नाही. मात्र सेव्हन-सीटर घरची नसून भाड्याची असेल, तर उत्तर उलटतं.

पुणेमार्गे कोल्हापूर साधारण ४४० किलोमीटर. जाऊन-येऊन ८८०, आणि तिथलं फिरणं धरून ९२० किलोमीटर धरू. दर हिशेबापुरते असे घेतले आहेत: डिझेल ९२ रुपये लिटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर, सीएनजी ९२ रुपये किलो. वाटेत शिंदे, हिवरगाव पावसा, चाळकवाडी, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे नाके लागतात. टोल एका बाजूने ६०० रुपये, म्हणजे जाऊन-येऊन १,२०० धरू. निघायच्या दिवशी नाशिकच्या पंपावरचे दर आणि नाक्यांचे चालू दर घालून आकडे बदलून घ्या. रीत तीच राहते: किलोमीटर भागिले अ‍ॅव्हरेज, गुणिले दर, त्यात टोल मिळवायचा आणि माणसांनी भागायचं.

सेव्हन-सीटर भरल्या गाडीने, एसी लावून १४ चं अ‍ॅव्हरेज देते असं धरू. डिझेलचे ६,०४६ रुपये, टोलचे १,२००, एकूण ७,२४६. माणशी १,०३५.

दोन गाड्यांपैकी एक पेट्रोलची, १८ च्या अ‍ॅव्हरेजची. तिच्या इंधनाला ५,३६७ लागतात. दुसरी सीएनजीची, किलोला २४ किलोमीटर देणारी, तिला ३,५२७. त्यावर टोल दोनदा, २,४००. एकूण ११,२९४, म्हणजे माणशी १,६१३. दोन्ही गाड्या सीएनजीच्या असल्या तरी माणशी १,३५१ पडतात.

असं होण्याचं कारण टोलच्या रचनेत आहे. नाक्यावर कार, जीप, व्हॅन यांचा एकच वर्ग असतो. आत चार माणसं असोत की सात, पावती तेवढ्याच रुपयांची. त्यामुळे दुसरी गाडी काढली की टोल सरळ दुप्पट होतो. इंधनाचंही तसंच आहे. मोठी गाडी किलोमीटरला साडेसहा रुपये खाते, पेट्रोलची लहान गाडी पावणेसहा-सहा. एकट्या गाडीपुरता हा फरक किरकोळ आहे, पण लहान गाडीच्या जोडीला आणखी एक गाडी पळते आणि तिचा खर्चही याच सात जणांवर बसतो.

आता भाड्याची गाडी. किलोमीटरला १५ रुपये आणि चालकाचा भत्ता दिवसाला ५०० धरला, तर तीन दिवसांत १३,८०० अधिक १,५००, त्यावर टोल १,२००. एकूण १६,५००, माणशी २,३५७. इथे घरच्या दोन गाड्या स्वस्त पडतात. भाडं ठरवताना रोजच्या किमान किलोमीटरची अट विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती ३०० किलोमीटरची असते. तीन दिवसांचे ९०० भरतात म्हणून आपलं भागतं, पण मुक्काम एक दिवसाने वाढवला की गाडी न फिरताही १,२०० किलोमीटरचं बिल येतं.

फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर मोठ्या गाडीचं पारडं आणखी जड होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल ते, असा होता. त्या भावाने एक नाका १५ रुपयांना पडतो. तो फक्त खासगी गाडीला मिळतो, पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही, आणि चालतो राष्ट्रीय महामार्गांवर. समृद्धीवर त्याचा उपयोग नाही. पास नसेल तर २४ तासांत परत आल्यावर मिळणारी परतीची सवलत असते, पण दोन मुक्कामांच्या सहलीत ती हातून जाते.

या हिशेबात सगळ्यात नाजूक आकडा कोणता, हे तपासून बघितलं. मोठ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १४ ऐवजी १२ पडलं तर माणशी साधारण १४४ रुपये वाढतात. आयत्या वेळी एक जण गळाला तर माणशी १७३ वाढतात. म्हणजे कोण नक्की येणार, हे आधी पक्कं करणं अ‍ॅव्हरेजवर वाद घालण्याइतकंच मोलाचं आहे.

तरीही अ‍ॅव्हरेज कंपनीच्या कागदावरचं धरू नका. ते ठरावीक चाचणीतलं असतं, त्यात चंदनापुरीचा घाट, चाकणची कोंडी आणि टपावरचं सामान नसतं. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा, तीनेकशे किलोमीटर महामार्गावर चालवा आणि त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा. जितके लिटर बसले तितक्याने किलोमीटरला भागा. मीटरवर दिसणारा आकडा बरेचदा यापेक्षा थोडा जास्त असतो.

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट धरून चालावी. टाकीत आठेक किलो गॅस बसतो, म्हणजे १९० किलोमीटरच्या आसपास. एका बाजूच्या प्रवासात दोनदा भरावा लागतो आणि रांगेचा कंटाळा आला की माणूस पेट्रोलवर टाकतो. ९२० पैकी २०० किलोमीटर पेट्रोलवर २० च्या अ‍ॅव्हरेजने गेले तर फक्त तीनेकशे रुपये वाढतात. एवढ्यासाठी रांगेत तासभर उभं राहू नये. डिकीत सिलिंडर असल्याने बॅगा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न मात्र खरा आहे.

घरची मोठी गाडी नाहीच, तर आणखी एक मार्ग बघा. पाच जण एकट्या सीएनजी गाडीत गेले तर एकूण ४,७२७, माणशी ९४५. उरलेल्या दोघांसाठी पेट्रोलची गाडी काढली की ६,५६७ रुपये जास्त जातात, म्हणजे त्या दोघांचे माणशी ३,२८३. साध्या एसटीचं जाऊन-येऊन तिकीट यापेक्षा बरंच कमी आहे. त्यात महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. आजी-आजोबांना बसमध्ये पाठवणं प्रत्येक घरात चालणार नाही, पण दोन तरुण पोरं खुशीने जातील. त्यांचं तिकीट सगळ्यांच्या खर्चात धरा.

दोन गाड्या न्यायच्याच ठरल्या तर खर्च गाडीनिहाय वाटू नका. पेट्रोलच्या गाडीत तिघं बसले तर त्यांना माणशी २,१८९ येतात आणि सीएनजीतल्या चौघांना १,१८२. कोण कुठल्या गाडीत बसलं हे बॅगांच्या आणि लहान मुलांच्या सोयीने ठरतं, त्याचे हजार रुपये कुणी जास्त का भरावेत? दोन्ही गाड्यांची बिलं एकत्र करून सातांनी भागा आणि निघण्याआधीच माणशी १,७०० जमा करा. उरलेले पैसे परतल्यावर वाटून द्या.