पॅनोरमाचे तुकडे करायला इमेजमॅजिक: काही महिन्यांच्या वापरानंतर

इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलसाठी रुंद फोटो कापायला मी आधी मोबाइलवरचं एक फुकट अ‍ॅप वापरायचे. शेवटचा तुकडा अपुरा पडला की ते तिथे सरळ पांढरी पट्टी जोडायचं. आता काही महिने लॅपटॉपवर इमेजमॅजिक या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रामनेच कापतेय. दिसायला रूक्ष आहे, पण पिक्सेल आपल्या हातात राहतात.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो घ्या. मूळ फोटो ११००० × २६०० पिक्सेलचा. इन्स्टाग्रामचा उभा फोटो १०८० × १३५०, म्हणून आधी उंची १३५० वर आणली. रुंदी झाली ५७१२. त्यात १०८० चे पाच तुकडे बसतात आणि ३१२ पिक्सेल उरतात. हे ३१२ मला फार कामाचे वाटतात, कारण कापाची जागा तेवढी मागेपुढे सरकवता येते. दोन्ही बाजूंनी सारखं छाटलं असतं तर दुसरा काप २३१६ वर आला असता, आणि कड्यावर बसलेली मैत्रीण २२८० ते २४०० च्या पट्ट्यात होती. म्हणजे बाई अर्धी या स्लाइडवर, अर्धी पुढच्या! डावीकडून फक्त ३० छाटले, तेव्हा काप २१९० वर आला आणि ती अख्खी तिसऱ्या तुकड्यात बसली.

```
magick kada.jpg -resize x1350 -crop 5400x1350+30+0 +repage -crop 5x1@ +repage -quality 92 kada_%02d.jpg
```

`5x1@` म्हणजे एका ओळीत शेजारी-शेजारी पाच समान भाग. आधीची छाटणी गाळली तरी ही कमांड चालते, तक्रार करत नाही. मात्र ५७१२ ला पाचाने भाग जात नसल्याने काही तुकडे ११४२ चे, काही ११४३ चे निघतात. कॅरोसेलमध्ये पहिल्या फोटोचं प्रमाण बाकीच्यांनाही लागतं, त्यामुळे असे तुकडे पुन्हा छाटले जाऊन जोडावरची क्षितिजरेषा किंचित तुटू शकते. म्हणून `magick identify kada_*.jpg` चालवून सगळीकडे 1080x1350 दिसतंय ना, ते मी बघतेच.

रंग, उजेड, शार्पनिंग जे काय करायचं ते कापण्याआधी अख्ख्या फोटोवर उरकावं. तुकड्यांवर एकेक करून ऑटो-एन्हान्स मारलं तर प्रत्येकाचा उजेड वेगळा ठरतो आणि आकाशात उभी रेघ उमटते. ढग असतील तर ती लपते; कोऱ्या निळ्या आकाशात मात्र लगेच डोळ्यात खुपते.

मोठी उणीव एकच: काप कुठे पडणार ते आधी दिसत नाही. मी फोटो इमेज एडिटरमध्ये उघडून माणसाच्या जागेचे आकडे कागदावर मांडते, ज्याला हे कटकटीचं वाटेल त्याने अ‍ॅपच वापरावं. आणि तुकडे मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेत तर ते तिथेच पुन्हा दाबले जातात.