अडीनडीचे खाते : १६ महिन्यांच्या वापरानंतर

जुलै २०२४ मध्ये आम्ही घरातील अडीनडीसाठी वेगळा निधी उभा केला. मुदत संपलेली १ लाख ३० हजारांची ठेव, भिशीतून आलेले ६० हजार आणि यजमानांच्या बोनसमधील ६० हजार मिळून अडीच लाख रुपये जमले. या १६ महिन्यांत तो दोनदा गंभीरपणे वापरावा लागला, एकदा किरकोळ कामासाठी आणि एकदा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, गैरकारणासाठीही वापरला गेला. घरात आम्ही दोघे कमावते, सासूबाई आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारा मुलगा. कमीअधिक फरकाने अशी रचना अनेक घरांत असते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

प्रथम आकड्याविषयी. सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा, असे आम्ही सर्वत्र ऐकले होते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७० हजार, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये. आणि हा आकडा पाहूनच आम्ही दोन वर्षे सुरुवात केली नाही. अखेर एका रविवारी मी वही घेऊन बसले आणि पगाराऐवजी न थांबणारा खर्च लिहून काढला. घरकर्जाचा हप्ता १४,५००, किराणा-दूध-गॅस ११,०००, वीज, फोन व सोसायटीचे ३,५००, मुलाची फी महिन्यावर वाटून ६,०००, सासूबाईंची औषधे २,८००, पेट्रोल ३,००० आणि विम्याचे वार्षिक हप्ते महिन्यावर वाटून ३,२००, असे एकूण ४४ हजार झाले. यजमानांचा पगार ४६ हजार आणि माझा २४ हजार आहे. माझी नोकरी गेली तरी घर ओढूनताणून चालेल. त्यांची गेली तर दरमहा २० हजारांची तूट पडेल. सहा महिन्यांची ती तूट म्हणजे १ लाख २० हजार. त्यात रुग्णालयासाठी १ लाख आणि घराच्या दुरुस्तीसाठी ३० हजार मिळवून अडीच लाखांचा आकडा ठरला. दोघांचेही पगार एकाच वेळी थांबले तर ही रक्कम सहा महिने पुरणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. परंतु आमच्या नोकऱ्या दोन वेगळ्या क्षेत्रांत असल्याने तेवढी जोखीम आम्ही पत्करली. पती-पत्नी एकाच कंपनीत असतील, तर त्यांनी हा हिशेब असा करू नये.

रक्कम कुठे ठेवावी, यावर घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंचा आग्रह जवळच्या पतसंस्थेचा होता, कारण तिथे व्याज जास्त मिळते आणि माणसे ओळखीची आहेत. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते नसते. शिवाय विमा असणे आणि पैसे वेळेवर हाती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १ हजार रुपये काढता येत होते. २०२१ च्या कायद्याने अशा वेळी विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली खरी, पण अडीनडीच्या पैशाला ९० दिवस फार होतात. लिक्विड फंड, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाचाही विचार केला. त्याचे पैसे साधारणतः कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी येतात आणि तत्काळ मिळण्याची सोय असलेल्या योजनांतही दिवसाला ५० हजारांची मर्यादा असते, म्हणून तो बाजूला ठेवला.

शेवटी १० हजार रोख कपाटातील डब्यात, ६० हजार पगाराच्या बँकेहून वेगळ्या बँकेतील संयुक्त बचत खात्यात आणि १ लाख ८० हजार त्याच बँकेत एक वर्षाच्या मुदतठेवीत, अशी विभागणी केली. खाते आणि ठेव दोन्ही आम्हा दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या प्रकारचे. व्यवस्था चोख झाली, असा आमचा समज होता.

त्या समजाची परीक्षा सातव्या महिन्यात, एका शनिवारी रात्री झाली. यजमानांचे अपेंडिक्स फुटले आणि रुग्णालयाने शस्त्रक्रियेपूर्वी ५० हजार रुपये अनामत मागितली. कॅशलेस मंजुरीची विनंती आल्यावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, असा नियम २०२४ पासून आहे; पण ती विनंती पाठवणारा रुग्णालयातील कक्ष सकाळीच उघडणार होता. खात्यात ६० हजार होते, परंतु खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक एकट्या यजमानांचा होता. त्यामुळे माझ्या फोनवर त्या खात्याचे यूपीआय सुरूच झालेले नव्हते, आणि त्यांचा फोन कुलूपबंद अवस्थेत माझ्या पर्समध्ये होता. माझे कार्ड चालले, पण सुरक्षिततेसाठी आम्हीच त्यावर दिवसाला २५ हजारांची मर्यादा घालून ठेवली होती. रात्री ११ वाजता २५ हजार भरले, काउंटरवरील मुलाला विनंती करून थांबले आणि १२ वाजून ५ मिनिटांनी, तारीख बदलल्यावर, उरलेले २५ हजार भरले. ती ६५ मिनिटे मी खात्यात पैसे असूनही हात बांधल्यासारखी बसून काढली.

सोमवारी आणखी एक धडा मिळाला. दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता बोलली जात असल्याने मी ठेव मोडायला बँकेत गेले. अधिकाऱ्यांनी पावती पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, मुदत संपल्यावर एका सहीवर पैसे मिळतील. मुदतीपूर्वी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात.” मी ‘दोघांपैकी कोणीही’ या शब्दांवर बोट ठेवले. त्यांनी शांतपणे समजावले की ते शब्द मुदतपूर्तीच्या वेळी लागू होतात. मुदतीपूर्वीही एकाच्या सहीवर ठेव मोडता यावी, अशी इच्छा असेल तर दोघांनी मिळून तशी लेखी संमती आधी द्यावी लागते. दुर्दैवाने एकाचा मृत्यू झाला, तर मागे राहिलेल्याला मुदतीपूर्वी ठेव मोडण्यासाठीही तीच संमती उपयोगी पडते. बँकेचे काहीच चुकले नव्हते. खाते उघडताना आम्ही तो प्रश्न विचारलाच नव्हता. यजमानांच्या उजव्या हाताला सलाइन लावलेले असताना त्यांची बँकेतील नमुन्याशी जुळणारी सही कशी घ्यायची, हा प्रश्न सुदैवाने पुढे उद्भवला नाही, कारण दुसरी शस्त्रक्रिया लागली नाही.

रुग्णालयाचे बिल १ लाख ३८ हजार झाले. विमा कंपनीने १ लाख ९ हजार मंजूर केले. खोलीच्या भाड्यातील फरक आणि हातमोज्यांसारख्या विम्यात न बसणाऱ्या वस्तू धरून २९ हजार आमच्याकडे आले. ते अनामतीतून वळते होऊन २१ हजार आठवड्याने परत मिळाले. म्हणजे अखेरचा खर्च २९ हजार असला तरी दारात ५० हजार लागले. निधीतील रुग्णालयाचा भाग ठरवताना विम्यानंतर उरणारा खर्च पाहून भागत नाही. सुरुवातीला भरावी लागणारी रक्कम पाहावी लागते.

यजमान घरी आल्यावर पंधरा दिवसांत आम्ही दुरुस्त्या केल्या. माझा मोबाइल क्रमांकही खात्याशी जोडून घेतला आणि माझ्या फोनवर यूपीआय सुरू केले, कार्डाची मर्यादा ६० हजार केली आणि ठेवीसाठी लेखी संयुक्त संमती दिली. जुलै २०२५ मध्ये मुदत पूर्ण झाल्यावर १ लाख ८० हजारांची एक ठेव न करता ३० हजारांच्या सहा ठेवी केल्या. याचा उपयोग ऑक्टोबरमध्ये झाला. यजमानांच्या कंपनीत सलग दोन महिने पगार लांबले. पहिल्या महिन्याची २० हजारांची तूट बचत खात्यातून भागवली. दुसऱ्या महिन्यात एक ठेव तीन महिन्यांनंतर मोडली. ठेव साडेसहा टक्क्यांची होती, पण मोडताना तीन महिन्यांच्या मुदतीचा साडेचार टक्के दर लागून त्यातून अर्धा टक्का दंड वजा झाला. हाती ३०० रुपये व्याज आले, पूर्ण दराने ४८७ आले असते. १८७ रुपयांचा तोटा झाला आणि उरलेल्या पाच ठेवी शाबूत राहिल्या. मोठी ठेव मोडावी लागली असती तर हाच फरक सहापट पडला असता. ठेव मोडल्याने फार नुकसान होते, ही भीती किती अवास्तव आहे, हे त्या दिवशी कळले.

वापराच्या अधिकाराबाबतचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. डब्यातील रोख घरातील कोणीही घेऊ शकतो, मात्र वहीत नोंद करून. त्यापुढील रकमेसाठी दुसऱ्याला फोन करायचा, आणि फोन लागला नाही तर आधी पैसे काढून नंतर सांगायचे. हा शेवटचा भाग आम्ही जानेवारीतील त्या रात्रीनंतर घातला. गेल्या मे महिन्यात पाण्याची मोटर जळाली तेव्हा आम्ही दोघे कामावर होतो. सासूबाईंनी वायरमनला बोलावले, डब्यातून ३,२०० रुपये दिले आणि त्याची पावती टाचणीने वहीला लावून ठेवली. नियमांचे असे काटेकोर पालन माझ्याकडूनही झालेले नाही. २०२४ च्या दिवाळीत मी “पुढच्या आठवड्यात ठेवते” असे म्हणून डब्यातील ८ हजार घेतले आणि ते डिसेंबरअखेरीस परत ठेवले. महिनाभर उशीर झाला असता तर रुग्णालयात त्या रात्री रिक्षा आणि औषधांनाही पुरेशी रोख नसती.

नातेवाइकांचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. एका जवळच्या आप्तांनी प्लॉटच्या हप्त्यासाठी ४० हजार मागितले. निधी आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि ही चूक आमचीच; आम्हीच कौतुकाने सांगितले होते. आम्ही नकार दिला, काही महिने बोलणे कमी झाले. आता नातेवाइकांना मदत करायची असेल तर ती चालू महिन्याच्या पगारातून जमेल तेवढीच करायची आणि निधीचा विषय घराबाहेर काढायचा नाही, असे ठरले आहे.

दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही दोघेही आपापल्या फोनवरून त्या खात्यातून किरकोळ रक्कम पाठवतो आणि दोन्ही कार्डांनी ५००-५०० रुपये काढून पाहतो. गेल्या वेळी यजमानांना स्वतःचा पिन आठवेना. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय धरले जाते, ती अडचणही यामुळे टळते. बचत खात्यातील ६० हजारांवर फारच कमी व्याज मिळते, ही या व्यवस्थेची उघड उणीव आहे. ती मी रात्री ११ वाजता पैसे मिळण्याची किंमत म्हणून सोडून दिली आहे.

सध्या निधीत २ लाख १० हजार आहेत. थकलेले पगार आले की आधी बचत खात्यातील २० हजार आणि मग मोडलेली ठेव भरून काढायची आहे. सासूबाईंना मात्र खात्याचे कार्ड नको आहे. “मला डबा पुरे, फक्त तो भरलेला ठेवा,” असे त्या म्हणतात. त्यांच्या सांगण्यावरून डब्यातील रक्कम १० वरून १५ हजार केली आहे आणि वरच्या ५ हजारांत सुट्ट्या नोटा ठेवल्या आहेत.