निर्वात ऊर्ध्वपातनाआधी: पट्टी, सूत्र की ढोबळ नियम?

लवंग तेलातलं युजेनॉल साध्या, म्हणजे ७६० मिमी पाऱ्याच्या दाबाला साधारण २५३ अंशांवर उकळतं. इतकं तापवलं की ते काळपट पडू लागतं, म्हणून ते व्हॅक्यूमखाली काढतात. मांडणी करण्याआधी प्रश्न एकच असतो: १० मिमी दाबाला ते किती अंशांवर येईल?

'दाब निम्मा केला की उकळबिंदू दहा अंशांनी उतरतो' हा नियम अनेकांच्या तोंडी असतो. ७६० वरून १० पर्यंत दाब सव्वासहा वेळा निम्मा होतो, म्हणजे उत्तर येतं १९१. प्रत्यक्षात ते १२३ आहे. हा नियम वातावरणाच्या दाबाजवळच चालतो, इथे तो सोडून द्या.

दाब आणि उकळबिंदू जोडणारं क्लॉशियस-क्लॅपेरॉनचं सूत्र, बाष्पीभवनाच्या उष्णतेचा अंदाज देणाऱ्या ट्राउटनच्या स्थिरांकासह (८८) वापरलं तर साधारण १०० मिळतं. चूक आता उलट्या बाजूला झाली, कारण तापमान उतरतं तशी बाष्पीभवनाची उष्णता वाढते आणि सूत्र ती स्थिर धरतं. द्रवाचे अँटोइन स्थिरांक, म्हणजे तापमानावरून बाष्पदाब काढायच्या समीकरणातले त्याचे आकडे, हाताशी असतील तर मात्र गणितच करा, त्याची सर नोमोग्राफला, म्हणजे पट्टी लावून उत्तर वाचायच्या छापील आलेखाला नाही.

ते नसतील तर नोमोग्राफ. मधल्या रेषेवर २५३ आणि उजवीकडच्या दाबाच्या वक्रावर १० यांना पारदर्शक पट्टी जोडा आणि ती डावीकडची रेषा कुठे कापते ते वाचा. साधारण १२० येतं. तीन अंशांची चूक मला चालते, ऑइल बाथ तसाही वीस-तीस अंश वरच ठेवायचा असतो.

पण सगळेच द्रव इतके सरळ नसतात. ग्लिसरॉल २९० ला उकळतं. १० मिमीसाठी पट्टी दीडशेच्या आसपास दाखवते, प्रत्यक्षात लागतात १६७. रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असले की पट्टी कमी सांगते. अशा वेळी छापील आकडा शोधा.

दाब कुठला धरायचा, हे तितकंच महत्त्वाचं. युजेनॉल ५ मिमीला १०८ वर येतं, म्हणजे ५ मिमीच्या फरकाला १५ अंश. गेज पंपाजवळ असेल आणि मधे बारीक नळी असेल, तर फ्लास्कमधला दाब गेजपेक्षा जास्त असतो आणि थर्मामीटर पट्टीच्या आकड्यापेक्षा वर चढतो. मिलिबारचं गेजही फसवतं: त्यावरचे १० म्हणजे साडेसात मिमी.

पाण्याच्या धारेने हवा ओढणारा नळावरचा वॉटर अ‍ॅस्पिरेटर वापरणार असाल तर १० चा विचारच नको. मुंबईच्या मे महिन्यात पाणी ३० अंशांचं असलं तर त्याचा स्वतःचा बाष्पदाब जवळजवळ ३२ मिमी, त्याखाली तो जाणार नाही. पट्टी ३२ वर लावा: युजेनॉल दीडशेच्या आसपास येईल, आणि बाथ १७५ पर्यंत न्यावा लागेल. तेवढं चालत नसेल तर ऑइल पंप लावा.