‘लाइव्ह सॉक लॅब’ म्हणून २०१६चा डेटा विकला जातो, तो असा ओळखा

बीएस्सी कॉम्प्युटर झालेल्या एका मुलाने पुण्यातल्या एका क्लासला हप्त्यांवर पैसे भरले. ‘आंतरराष्ट्रीय सॉक अॅनालिस्ट सर्टिफिकेट, खऱ्या क्लायंटच्या लाइव्ह डेटावर प्रॅक्टिकल’ अशी जाहिरात होती. सॉक म्हणजे कंपनीच्या संगणकांवर होणाऱ्या हल्ल्यांवर सतत लक्ष ठेवणारा विभाग. कोर्स संपला, सर्टिफिकेट मिळालं. पहिल्याच मुलाखतीत लॅबमधल्या एखाद्या अलर्टबद्दल विचारलं, तेव्हा त्याने वेबसाइटवर पासवर्डचा भडिमार झालेली केस सांगितली. समोरच्याने विचारलं, “ती `imreallynotbatman.com` वाली का?” मुलाला उत्तर देता येईना.

या साइटवरच्या हल्ल्याचा डेटा, लॉग साठवून त्यात शोधायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्प्लंक कंपनीने आपल्या स्पर्धेसाठी बनवला आणि नंतर सगळ्यांना फुकट दिला. त्याचं नाव `botsv1`. हल्ला एका काल्पनिक कंपनीवर होतो आणि नोंदी ऑगस्ट २०१६मधल्या आहेत. सरावाला हा डेटा फार चांगला आहे, जरूर वापरा. पण जे कुणीही घरी फुकट उतरवू शकतं, तेच ‘क्लायंटचा लाइव्ह डेटा’ म्हणून विकणं ही उघड फसवणूक आहे. शिवाय या केसची उत्तरं इंटरनेटवर पायरीपायरीने लिहिलेली आहेत. ती पाठ करून अलर्ट तपासायला येत नाही.

डेमो क्लासमध्येच ओळखायची खूण म्हणजे वेळेची खिडकी. स्प्लंकमध्ये सर्च करताना `Last 15 minutes` निवडायला सांगा. काहीच येत नसेल आणि `All time` केल्यावरच नोंदी दिसत असतील, तर तो साठवलेला डेटा आहे. मग पुढची चाचणी घ्या. लॅबमधल्या विंडोज मशीनवर एकदा खऱ्या युजरच्या नावाने चुकीचा पासवर्ड टाका आणि एकदा अस्तित्वात नसलेलं नाव टाका. मिनिट-दोन मिनिटांनी हे चालवा:

```
index=* EventCode=4625 earliest=-15m
| table _time, Account_Name, Logon_Type, Sub_Status
```

`4625` म्हणजे फसलेलं लॉगिन. पासवर्ड चुकला असेल तर `0xC000006A` आणि असा युजरच नसेल तर `0xC0000064` दिसायला हवं. `Account_Name`मध्ये दोन किंमती दिसतील. ज्याच्या नावाने लॉगिनचा प्रयत्न झाला ती दुसरी. नोंद आली नाही म्हणून लगेच लबाडी समजू नका. मशीनचा टाइमझोन चुकीचा असेल तर नोंदी साडेपाच तास पुढेमागे पडतात. फसलेल्या लॉगिनची नोंद ठेवणंच बंद असू शकतं; ते `auditpol /get /subcategory:"Logon"` ने कळतं. लॉग एक्सएमएल स्वरूपात येत असतील तर रकान्यांची नावं बदलतात आणि टेबल रिकामं दिसतं. शिकवणाऱ्याला काम येत असेल तर तो हे तुमच्यासमोर शोधून दुरुस्त करेल. ‘लॅब अॅक्सेस पैसे भरल्यावर’ असं उत्तर मिळालं तर तिथून उठा.

खऱ्या लॅबमध्ये खोटे अलर्टही असायला हवेत, कारण मॉनिटरिंगच्या नोकरीत दिवसाचा मोठा भाग त्यांचाच असतो. उदाहरणार्थ, एकाच सर्व्हरवरून ठरावीक अंतराने `4625` येत आहे आणि `Logon_Type` ५ आहे. बहुतेक वेळा कुणीतरी सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदललेला असतो आणि सर्व्हिसमध्ये जुनाच राहिलेला असतो. याउलट, बाहेरच्या एकाच आयपीवरून वेगवेगळ्या नावांनी प्रयत्न झाले आणि त्याच आयपीवरून शेवटी `4624`, म्हणजे यशस्वी लॉगिन, आलं तर लगेच वर कळवायचं. हा फरक लिहून तिकीट बंद करणं किंवा पुढे पाठवणं तुमच्याकडून करून घेतलं का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा आणि त्यांनी लिहिलेलं एखादं तिकीट पाहा.

सर्टिफिकेटचीही तीच गोष्ट. क्यूआर कोड क्लासच्याच साइटवर उघडत असेल तर तो त्यांचा स्वतःचा कागद. ‘सिक्युरिटी प्लसवर आधारित’ याचा अर्थ कॉम्पटिया संस्थेच्या त्या परीक्षेचं व्हाउचर मिळेल असा नाही. फीमध्ये व्हाउचर आहे का, हे पावतीवर लिहून घ्या. सिक्युरिटी प्लसची परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्नांची. काही प्रश्न कृतीचे असतात, पण पूर्ण लॅब नाही. प्रॅक्टिकलच हवं असेल तर बीटीएल-वन ही परीक्षा आहे; त्यात २४ तासांत एका घटनेचा तपास करायचा असतो.

हप्ते म्हणजे बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. पैसे क्लासला एकरकमी जातात, त्यामुळे क्लास सोडला तरी हप्ते चालू राहतात. कर्जाच्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये कूलिंग-ऑफचा काळ लिहिलेला असतो, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. म्हणून लॅबची चाचणी त्याआधीच उरका. मुदत गेली असेल तर जाहिरात, पावती आणि २०१६च्या तारखा दिसणारे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा.