साधा बँड की कॉलिंगवालं घड्याळ?

वणीकडचा भाचा विचारतो, "मामा, बँड घेऊ का कॉलिंगवालं घड्याळ?"

आधी चार्जिंग पाय. बँडमधला लो एनर्जी ब्लूटूथ बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरलेल्या अंतराने क्षणभर जागतो, पावलं, ठोके, मेसेजची सूचना अशी चिमूटभर माहिती देतो-घेतो, पुन्हा झोपतो. म्हणून आठवडाभर सहज चालतो. कॉलमध्ये आवाज सलग वाहतो, त्यासाठी या घड्याळांत क्लासिक ब्लूटूथ असतो. रोज बोललास तर एक-दोन दिवसांत चार्जर शोधशील, अन् लाइन गेली असली तर झालंच!

फोन धुऱ्यावर ठेवून कपाशीत दूर गेलास, तर जोडणी दोन्हींची तुटते. पावलं दोन्ही साठवतात, परतल्यावर फोनला देतात. कॉल मात्र हुकतो.

डवरताना फोन खिशातच असेल अन् हात गुंतलेले, तर घड्याळ. नुसती पावलं-झोप मोजायची, तर बँड.