चकलीची भाजणी: दळलेली की अख्खी?

नौपाड्यातल्या ताई-काकूंनो, सोमवारपासून आपली चकलीची भाजणी मिळेल. तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, शिवाय धणे-जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजलेला.

दळलेली 260 रुपये किलो, अख्खी 230. आठवडाभरात चकल्या करणार असाल तर दळलेलीच घ्या. महिनाभर ठेवायची असेल तर अख्खी बरी, पीठ लवकर खवट होतं. फक्त गिरणीत ती गव्हावर दळू देऊ नका, तांदळावर दळायला सांगा. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली मऊ पडते.

गुरुवार रात्रीपर्यंत प्रकार आणि किलो मेसेज करा, यूपीआयने पैसे भरा, शनिवारी संध्याकाळी घेऊन जा. दळलेलीसाठी कोरडा डबा आणा.