इन्स्टंट फॉर्म की लँडिंग पेज? सोलापुरातल्या इंटिरिअर डिझायनरसाठी

"अहो, मी कुठं फॉर्म भरलाय?" फेसबुकवर पहिल्यांदा जाहिरात लावलेल्या डिझायनरला हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. इन्स्टंट फॉर्म इन्स्टाग्राम-फेसबुकच्या आतच उघडतो, नाव आणि नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरलेले असतात, आणि रील बघता बघता दोन-तीन टॅपमध्ये चौकशी निघून जाते. तो नंबरही कधीकधी जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असतो.

लँडिंग पेज म्हणजे जाहिरातीवर टॅप केल्यावर उघडणारं तुमच्या वेबसाइटचं पान. तिथं माणसाला थोडे कष्ट पडतात. पान उघडायची वाट बघायची, तुमची कामं बघायची आणि नंबर स्वतः टाइप करायचा. यात हौशे-नवशे बरेच गळतात. म्हणून एक चौकशी महाग पडते, पण उगाच आलेल्या चौकश्या कमी असतात.

आता हिशेब करू. आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमचे वेगळे येतील. १२,००० रुपयांत साध्या फॉर्मवर ८० चौकश्या आल्या, म्हणजे एक १५० रुपयांना. त्यातून साइटवर जाऊन माप घेण्यापर्यंत चार जण आले. तेवढ्याच पैशात लँडिंग पेजवर २० चौकश्या आल्या, एक ६०० रुपयांना, आणि मापापर्यंत पाच जण पोहोचले. म्हणजे एक माप-भेट फॉर्मवर ३,००० रुपयांना पडली आणि पेजवर २,४०० रुपयांना. शिवाय फॉर्मसाठी ८० फोन करावे लागले ते वेगळेच. चौकशीचा दर बघून निर्णय घेणारा इथंच फसतो.

पण फॉर्मलाही चाळणी लावता येते, आणि ती लावल्याशिवाय तुलना करणं अन्यायाचं आहे. फॉर्म बनवताना More volume ऐवजी Higher intent निवडा. मग पाठवण्याआधी माहिती तपासून पक्की करायची एक पायरी येते. त्यानंतर खरी चाळणी म्हणजे प्रश्न. सोलापुरात "बजेट किती?" असं पहिलंच विचारलं की माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर मुद्दाम कमी सांगतो. त्याऐवजी आधी ताब्याचं विचारा: ताबा मिळालाय, तीन महिन्यांत मिळणार, की अजून फक्त चौकशी? दुसरा प्रश्न कामाचा: पूर्ण घर, फक्त किचन, की एखादं कपाट? तिसरा प्रश्न हाताने लिहायचा ठेवा: घर कोणत्या भागात आहे? "जुळे सोलापूर, आसराजवळ" असं लिहिणारा माणूस मनापासून भरतोय. "अअअ" लिहिणाऱ्याला फोन करू नका. या एका रकान्याचं उत्तर प्रोफाइलमधून आपोआप भरलं जात नाही, म्हणून मला तो सगळ्यात जास्त उपयोगाचा वाटतो.

बजेट शेवटी विचारा, तेही पर्याय देऊन, आणि "अजून ठरलं नाही" हा पर्याय ठेवाच. पर्यायांच्या प्रश्नात ठरावीक उत्तर देणाऱ्याला बाद करून वेगळा निरोप दाखवायची सोय आहे. तिथं "एखादं कपाट"वाल्याला बाद करा, "ठरलं नाही"वाल्याला नको. घराचं काम पहिल्यांदाच काढणाऱ्याला किती लागतील हे माहीत नसतं, आणि चांगली गिऱ्हाइकं बरीचशी त्यातूनच येतात. प्रश्न चारच्या पुढे गेले की मात्र चांगला माणूसही कंटाळून परत जातो.

लँडिंग पेजचा त्रास वेगळा. डिझायनर मंडळींना मोठे फोटो टाकायची हौस असते, आणि त्यानं पान जड होतं. जाहिरातीच्या अहवालात Link clicks ३०० आणि Landing page views १६० दिसले, तर जवळपास निम्मी माणसं पान उघडायच्या आतच परत गेली असं धरा. आधी फोटो हलके करा, जाहिरात नंतर बदला. दुसरी चूक मोजणीची. चौकशी आली हे मेटाला कळवणारी Lead ही नोंद बटण दाबल्यावर लावली तर अर्धवट फॉर्मही मोजले जातात. ती "धन्यवाद"च्या पानावर लावायची. आणि एक मर्यादा मान्य करा: जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाच्या यंत्रणेला नीट शिकायला आठवड्याला साधारण ५० नोंदी लागतात. महिन्याला २० चौकश्या देणारं पेज तिथवर पोहोचतच नाही.

माझं मत विचाराल तर महिन्याचं बजेट १५,००० च्या आत असेल आणि दाखवायला पूर्ण झालेली दोन-तीनच घरं असतील, तर चाळणी लावलेला फॉर्म घ्या. पूर्ण घराचीच कामं घेत असाल, सात-आठ घरांचे चांगले फोटो असतील आणि फोन करायला दुसरं माणूस नसेल, तर पेज. दोन्ही एकदम सुरू करू नका, छोट्या बजेटचे दोन तुकडे झाले की दोन्ही अर्धवट राहतात.

फॉर्म घेतलात तर चौकश्यांची यादी दर आठवड्याला फेसबुकवरून डाउनलोड करून घ्या, ९० दिवसांनंतर ती तिथून मिळत नाही. त्या यादीत एक रकाना स्वतः वाढवा: माप झालं की नाही. दोन महिन्यांनी कोणत्या उत्तराच्या माणसाकडं माप झालं ते त्यातच दिसेल, आणि पुढच्या फॉर्ममधला कोणता प्रश्न काढायचा तेही. एकदा प्रकाशित केलेला फॉर्म दुरुस्त होत नाही, त्याची प्रत काढून नवा करावा लागतो, एवढं लक्षात असू द्या.